कोणती पॉलिसी घेऊ? रविवारपर्यंत ठरवायचंय, मदत हवी आहे

वारणाकाठ
नमस्कार. विमा काढायचा आहे. वर्षाला ४०-४५ हजार भरू शकतो. रविवारी सकाळी एजंट घरी येणार आहे, चेक तयार ठेवा म्हणालाय. इथले जुने धागे वाचले, पण प्रत्येक ठिकाणी वेगळंच नाव निघतं आणि डोकं आणखी भणभणतं. कृपया फक्त कंपनीचं आणि पॉलिसीचं नाव सांगा. लांबलचक चर्चा वाचायला खरंच वेळ नाही. धन्यवाद.

मोगरा_ठाणे
विमा कसला? आयुष्याचा की आजारपणाचा? तुमचं वय काय, घरात कोण कोण आहे, आधीची काही पॉलिसी आहे का? एवढं कळल्याशिवाय नाव कसं सांगणार?

अण्णा_कऱ्हाड
डोळे मिटून एलआयसी घ्या. मी १९९१ पासून भरतोय, एकही हप्ता चुकवला नाही. थोरल्या मुलीच्या लग्नात मनीबॅकच्या पैशांनी हात दिला. बाकीच्यांचं ऐकाल तर फसाल.

दर्यावर्दी
अण्णा, लग्नाला पैसे मिळाले ती तुमची बचत होती. ४५ हजार हप्त्याच्या बचत पॉलिसीत विमा मिळतो दहाएक लाखांचा. घरचा कमावता माणूस गेला तर दहा लाख किती दिवस पुरतील? पस्तिशीतल्या, सिगारेट न ओढणाऱ्या माणसाला त्याच्या निम्म्याहून कमी पैशांत एक कोटीचा टर्म मिळतो. उरलेले म्युच्युअल फंडात टाका.

अण्णा_कऱ्हाड
आणि तो जगला तर? हातात काय? भोपळा. फंडातले पैसे लोक मधेच काढतात, हे मी माझ्या घरातच पाहिलंय. हप्त्याचा धाक असतो म्हणून तरी शिल्लक पडते.

दर्यावर्दी
शिल्लक पाडायला रिकरिंग आहे की. विम्याचं काम विम्याने करावं.

गाडीवाट
झिरो डेप घ्या आणि इंजिनाचं कव्हर वेगळं जोडा. गेल्या पावसात माझी गाडी पार्किंगमध्ये बुडाली होती, इंजिनाचं कव्हर नसतं तर सगळा खर्च अंगावर आला असता.

वारणाकाठ
गाडीचा नाही हो. आणि टर्मही नको, मेडिक्लेम हवाय. मला वाटलं ते लक्षात येईल. माझं वय ३६. ऑफिसचं ३ लाखांचं कव्हर आहे, त्यात आईवडीलही आहेत, पण त्याचा उपयोग नाही हे फेब्रुवारीत कळलं. म्हणून नवीन घ्यायचाय. आता तरी नाव सांगा.

मोगरा_ठाणे
उपयोग नाही म्हणजे? क्लेम नाकारला का? कोणाचा होता?

वारणाकाठ
वडिलांचा. वय ६७. शुगर आहे, बारा वर्षं गोळ्या चालू आहेत. रात्री साडेअकराला छातीत दुखायला लागलं, जवळच्या हॉस्पिटलात नेलं. काउंटरवरच्या मुलीने एक गुलाबी कागद पुढे केला, म्हणाली ट्विन शेअरिंग फुल आहे, सिंगल रूम आहे, दिवसाला ६ हजार, इथे सही करा. आत वडिलांना घेऊन गेलेले, मी उभ्याउभ्या सही केली. कव्हरमध्ये खोलीला दिवसाला ३ हजारच मिळतात हे मला माहीत होतं. चार दिवसांचे वरचे १२ हजार मी भरेन असा हिशेब केला होता. अँजिओप्लास्टी झाली, बिल झालं अडीच लाख. विमा कंपनीसाठी क्लेम तपासणाऱ्या टीपीएने मंजूर केले सव्वा लाख! उरलेले मी भरले, त्यातले ८० हजार मेव्हण्याकडून घेतले. ३ लाखांचं कव्हर असून असं का, हे कोणी सांगितलं नाही. एजंट म्हणतो १० लाखांची घ्या, प्रश्नच मिटेल.

जुनी_फाईल
मी बावीस वर्षं क्लेम विभागात काढली आहेत, आता निवृत्त आहे. तुमचं घोडं कुठे अडलं ते सांगतो, कारण हे न कळता १० लाखांची घेतलीत तरी पुढच्या वेळी तेच होईल.

खोलीची मर्यादा फक्त खोलीच्या भाड्यापुरती नसते. बऱ्याच हॉस्पिटलांत डॉक्टरांची फी, ओटीचा चार्ज, नर्सिंग हे सगळं खोलीच्या वर्गानुसार वाढतं. म्हणून विमा कंपनी म्हणते, तुम्हाला ३ हजारांची खोली लागू होती, तुम्ही ६ हजारांची घेतली, म्हणजे खोलीशी बांधलेले बाकीचे खर्चही निम्मेच देऊ. याला आम्ही प्रपोर्शनेट डिडक्शन म्हणायचो. तुम्ही १२ हजारांचा हिशेब केलात, तिथेच चूक झाली.

पण तुमच्या आकड्यात मला दुसरं काहीतरी दिसतंय. अडीच लाखांचे बरोबर सव्वा लाख म्हणजे त्यांनी सरसकट सगळं बिल निम्मं केलंय. बिलाची फोड द्याल का? खोली, डॉक्टर आणि ओटी, स्टेंट, औषधं, तपासण्या, असं वेगवेगळं.

वारणाकाठ
बिल काढून पाहिलं. खोली २४,०००. डॉक्टर, कॅथलॅब, नर्सिंग मिळून १,२०,०००. स्टेंट आणि औषधं ९०,०००. तपासण्या १६,०००. आता त्याचं काय करायचं? ते पैसे गेलेच.

जुनी_फाईल
गेले असं इतक्यात म्हणू नका. औषधं, स्टेंटसारखी आत बसवायची वस्तू आणि तपासण्या यांना ही कात्री लावता येत नाही. विमा नियामक आयआरडीएआयने २०२० मध्येच तसं बजावलंय. स्टेंटची किंमत खोली बदलली म्हणून बदलत नाही, साधी गोष्ट आहे.

म्हणजे हिशेब असा व्हायला हवा होता. खोलीचे २४ पैकी १२ हजार. डॉक्टर, कॅथलॅब वगैरेंचे एक लाख वीसचे निम्मे, ६० हजार. स्टेंट, औषधं आणि तपासण्यांचे १ लाख ६ हजार जवळजवळ पूर्ण, त्यातून हातमोजे-मास्क अशा किरकोळ वस्तू वजा होतील. एकूण साधारण १ लाख ७८ हजार. तुम्हाला मिळाले १ लाख २५. मधले ५३ हजार मागण्यासारखे आहेत.

सेटलमेंट लेटर काढा. त्यात प्रत्येक रकमेसमोर कपातीचं कारण लिहिलेलं असतं. पॉलिसीच्या कागदात ‘असोसिएट मेडिकल एक्स्पेन्सेस’ची, म्हणजे खोलीशी बांधलेल्या खर्चांची, व्याख्या शोधा आणि तीच ओळ उद्धृत करून विमा कंपनीच्या तक्रार विभागाला लिहा. टीपीएला लिहून भागत नाही, निर्णयाची जबाबदारी कंपनीची असते. आणखी एक, हॉस्पिटलला विचारा की त्यांचे दर खोलीप्रमाणे बदलतात का. काही छोट्या हॉस्पिटलांत सगळ्यांना एकच दर असतो, तिथे अशी कपात करायचीच नसते. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल आहे, त्याला फी लागत नाही.

दर्यावर्दी
हे मलाही माहीत नव्हतं. मग नवीन पॉलिसी खोलीची मर्यादा नसलेलीच घ्यायची, एवढंच ना?

जुनी_फाईल
हो, तेवढी अट पक्की धरा. रकमेपेक्षा आधी ती बघा. ‘सिंगल प्रायव्हेट रूम’ लिहिलेलं असेल तरी चालेल, पण ‘विमा रकमेच्या १ टक्का’ असेल तर सोडून द्या.

कोयना_किनारा
नवीन पॉलिसीत शुगरवाल्याला तीन वर्षं काहीच मिळत नाही. पैसे भरायचे आणि बसायचं. माझ्या सासऱ्यांची अँजिओप्लास्टी महात्मा फुले योजनेत साताऱ्याला झाली, एक पैसा लागला नाही. आता पांढऱ्या रेशनकार्डालाही पाच लाखांपर्यंत मिळतं. तुम्ही लोक उगाच खाजगीच्या मागे लागता.

मोगरा_ठाणे
काहीच मिळत नाही असं नाही हो. थांबावं लागतं ते आधीपासूनच्या आजारासाठी आणि त्यातून उद्भवलेल्या त्रासासाठी. ते जास्तीत जास्त तीन वर्षं, २०२४ पूर्वी चार होती. अपघाताला पहिल्या दिवसापासून मिळतं, बाकी बहुतेक आजारांना तीस दिवसांनी. मोतीबिंदू, हर्निया अशा काही ऑपरेशनांना वेगळी मुदत असते. पण फुले योजनेचं तुमचं म्हणणं खरं आहे, फक्त योजनेतल्या हॉस्पिटलात जावं लागतं. रात्री साडेअकराला जवळचं हॉस्पिटल त्या यादीत असेलच असं नाही. यादी आजच बघून ठेवा.

वारणाकाठ
एजंट म्हणाला शुगर फॉर्ममध्ये लिहायचीच नाही, म्हणजे तीन वर्षांची भानगड राहत नाही. हे बरोबर आहे का?

अण्णा_कऱ्हाड
पाच वर्षं भरत राहिलं की त्यांना काही विचारता येत नाही. माझ्या शेजाऱ्याने तसंच केलंय.

जुनी_फाईल
अण्णा, पाच वर्षांचा नियम आहे, पण फसवणूक त्यातून वगळलेली आहे. बारा वर्षं गोळ्या चालू असताना ‘मधुमेह नाही’ असं लिहून सही करणं याला दुसरं काय म्हणायचं? आणि लपवणार तरी कसं? दाखल करताना डॉक्टर पहिलाच प्रश्न विचारतात, शुगर कधीपासून? तुम्ही घाबरलेले असता, खरं सांगता, ते केसपेपरवर उतरतं, आणि तोच केसपेपर कंपनीकडे जातो. असे कितीतरी क्लेम माझ्या टेबलावर नामंजूर झालेत. हप्ते भरलेले असायचे आणि समोर म्हातारी माणसं बसलेली असायची. वारणाकाठ, हात जोडून सांगतो, शुगर लिहा आणि स्टेंटही लिहा. फॉर्म स्वतःच्या हाताने भरा.

दर्यावर्दी
मग कंपनी हप्ता वाढवेल किंवा सरळ नाही म्हणेल. स्टेंटला वर्षही झालेलं नाही.

जुनी_फाईल
म्हणेल कदाचित. ते नाकारत नाही. म्हणूनच ऑफिसचं कव्हर टिकवा, त्यात पहिल्या दिवसापासून वडिलांचा आजार धरलेला आहे.

वारणाकाठ
ते टिकणार नाही ना. मी जूनअखेर नोकरी सोडतोय, चुलतभावाबरोबर इस्लामपूरला शीतपेट्यांचं काम सुरू करतोय. म्हणून तर घाई आहे.

मोगरा_ठाणे
अहो, हे पहिल्याच ओळीत लिहायचं होतं!

जुनी_फाईल
हीच मुख्य गोष्ट होती. नोकरी सुटली की ऑफिसचं कव्हर संपतं, पण त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जायचा मार्ग असतो, त्याला मायग्रेशन म्हणतात. कव्हरमध्ये काढलेली सलग वर्षं वेटिंग पिरियडमधून वजा होतात, जुन्या रकमेपुरती म्हणजे तुमच्या ३ लाखांपुरती. वडील किती वर्षांपासून त्यात आहेत?

वारणाकाठ
चार वर्षं पूर्ण झाली.

जुनी_फाईल
मग फार मोठी कमाई आहे ती. कंपनी तब्येत तपासेल, हप्ता जास्त सांगेल, पण अर्ज नोकरी चालू असतानाच करा. शेवटच्या दिवसानंतर गेलात तर खंड पडेल. एचआरकडून चारही वर्षांच्या कव्हरचं पत्र घ्या, त्यात वडिलांचं नाव आणि तारखा हव्यात. दुसरी कंपनी हवी असेल तर ती नंतर, नूतनीकरणाच्या किमान ४५ दिवस आधी अर्ज करून बदलता येते.

कोयना_किनारा
वडिलांच्या हप्त्यालाच सगळे ४५ हजार जातील. त्यापेक्षा तेवढे दरवर्षी मुदत ठेवीत टाका आणि फुले योजनेचं कार्ड ठेवा. सत्तरीनंतर आयुष्मानचं पाच लाखांचं कार्ड मिळतंच, तीनच वर्षं काढायची आहेत.

दर्यावर्दी
तीन वर्षांत १ लाख ३५ हजार साठतील. परवाचं बिलच अडीच लाख होतं.

कोयना_किनारा
पण ते साठलेले राहतील तरी.

मोगरा_ठाणे
यावर एकमत होणार नाही. वारणाकाठ, आई, बायको, मुलं? त्यांची तब्येत? निदान त्यांना वडिलांबरोबर एकाच फ्लोटरमध्ये, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक पॉलिसीत, घालू नका. सगळ्यात मोठ्या वयावर हप्ता ठरतो, आणि एकाने रक्कम वापरली की बाकीच्यांना उरत नाही.

वारणाकाठ
आई ६२, तिला काही त्रास नाही. बायको आणि चार वर्षांची मुलगी. एजंटने पाचही जणांचं एकत्रच कोटेशन दिलंय.

रविवारचं पुढे ढकललं. सेटलमेंट लेटर मेलमध्ये सापडलं, स्टेंटच्या रकमेसमोर खरंच ‘प्रपोर्शनेट’ लिहून निम्मे कापलेत. आज रात्री तक्रार लिहितो. एचआरला पत्रासाठी मेल टाकलाय. त्यांनी उलट विचारलं, शेवटचा दिवस कोणता? अजून राजीनामा दिलेला नाही. जुनी_फाईल, मायग्रेशनचा अर्ज राजीनाम्याआधी करता येतो की नंतरच?