आयपीओला अर्ज करायचा की लिस्टिंगच्या दिवशी बाजारातून उचलायचा?

हिंजवडीकर
टाटा टेक्नॉलॉजीजला घरातल्या सगळ्यांच्या नावाने अर्ज टाकले होते, एकही लागला नाही. तेव्हापासून माझं मत झालंय की अर्ज करणं म्हणजे फुकटचा खटाटोप. त्यापेक्षा लिस्टिंगच्या दिवशी सकाळी दहाला शेअर घ्यायचा आणि साडेतीनच्या आत विकायचा. बजाज हाउसिंग १५० ला उघडला आणि त्याच दिवशी १६५ ला बंद झाला. लॉटरीची वाट कशाला बघायची? कोणाचं वेगळं मत असेल तर मांडा.

तुळशीबाग_ट्रेडर
शंभर टक्के सहमत. पण अर्ज लागत नाही याचं कारण तुम्ही एकच लॉट भरता. दोन लाखांच्या मर्यादेत बसतील तेवढे सगळे लॉट भरा, नंबर लागण्याची शक्यता तेवढ्या पटीने वाढते. मी नेहमी तसंच करतो. लिस्टिंगच्या दिवशीची चाल मात्र सोडायची नाही, खरा पैसा तिथेच आहे.

सातारचा_सीए
तुळशीबाग, रिटेलमध्ये मागणी प्रमाणाबाहेर गेली की सोडतीत अर्ज मोजतात, लॉट नाही. लागलाच तर प्रत्येकाला एकच लॉट. तेरा लॉट भरून तुम्ही फक्त जास्त पैसे अडकवता. शक्यता वाढते ती वेगळ्या पॅनने, म्हणजे हिंजवडीकरांनी केलं ते बरोबर होतं. नशीब आडवं आलं, एवढंच.

आता टाटा टेकचाच हिशेब करू. भाव ५००, लॉट ३० शेअरचा, म्हणजे १५,००० रुपये. अर्ज २४ नोव्हेंबर २०२३ ला बंद झाले, ३० ला लिस्टिंग. तेवढे दिवस पैसे खात्यातच ब्लॉक होते, बचत खात्याचं व्याज चालूच. एनएसईवर शेअर १२०० ला उघडला. ज्याला लागला त्याला उघडताच विकून २१,००० सुटले. रिटेलचा हिस्सा साधारण साडेसोळा पट भरला होता. पंधरात एकाला लागतो असं धरलं तरी एका अर्जामागे सरासरी १,४०० रुपये पडतात, आणि न लागल्यास गमवायचं काहीच नाही.

त्या दिवशी बाजारातून घेणाऱ्याला तेच ३० शेअर घ्यायला ३६,००० लागले. दिवसअखेर भाव १३१३ च्या आसपास, म्हणजे साधारण ३,४०० सुटले. दिसायला हे जास्त आहे. पण हे १२०० ला मिळालेल्याचं झालं. मधे भाव १४०० ला जाऊन आला, आणि चढत्या भावात उडी घेणारे बहुतेक तिथेच कुठेतरी घुसलेले असतात.

हिंजवडीकर
मी दहाच्या ठोक्याला घेईन, १४०० ला कशाला घेऊ?

सातारचा_सीए
दहाच्या ठोक्याला जो पहिला भाव दिसतो, तो दहाच्या आधीच ठरलेला असतो. लिस्टिंगच्या दिवशी नऊपासून पाऊण तास ऑर्डरी घेतात. मग ज्या भावाला सर्वांत जास्त शेअरांचा सौदा जुळतो, तो एकच भाव सगळ्यांना लागतो. तुम्ही त्या वेळात १३०० ची लिमिट टाकली आणि भाव १२०० ठरला, तर तुम्हालाही १२०० लाच मिळतो. तुमची ऑर्डर तिथे जुळली नाही तर ती आपल्या लिमिटसकट दहाच्या चालू बाजारात जाते. दहानंतर ताजी ऑर्डर टाकणाऱ्याला तो भाव मिळेलच असं नाही, त्याला समोर जो विकणारा असेल त्याचा भाव. तुमची पद्धत वापरायचीच असेल तर नऊच्या सत्रात आणि लिमिट लावूनच वापरा.

नागपुरी_संत्रं
सीए साहेब, तुमचं गणित फक्त गाजलेल्या आयपीओचं आहे. पंधरात एकाला लागतो तो चांगला असतो म्हणूनच लागत नाही. वाईट असतो तो सगळ्यांना लागतो. पेटीएम आठवा, नोव्हेंबर २०२१. भाव २१५०, रिटेल दीडपटीच्या थोडं वर भरलं होतं, बहुतेकांना मिळाला. उघडला १९५० ला, बंद झाला १५६० च्या आसपास, खालचं सर्किट. सहा शेअरच्या लॉटवर साडेतीन हजारांचा फटका पहिल्याच दिवशी. एलआयसी ९४९ ला दिला, रिटेलला ४५ रुपयांची सूट होती तरी ८७२ ला उघडला. अर्ज करणाऱ्याच्या पदरात सरासरीने गाळच पडतो, हे तुमच्या सरासरीत कुठे आहे?

सातारचा_सीए
मुद्दा रास्त आहे, आणि १,४०० च्या आकड्यात तो नाही हेही खरं. पण रिटेलवाल्याला शेवटच्या दिवसापर्यंत थांबता येतं. मोठ्या संस्थांची मागणी बहुतेक शेवटच्या दिवशीच येते आणि दुपारी आकडे दिसतात. टाटा टेकला संस्थांचा हिस्सा दोनशे पटींच्या वर भरला, पेटीएमला तीन पटही नाही. हे बघून अर्ज केला तर गाळ बराच कमी होतो. तुमच्या पेटीएममध्ये हिंजवडीकरांच्या पद्धतीने १९५० ला घेतलेल्याचेही शेअरमागे ३९० गेले. शिवाय खालच्या सर्किटला घ्यायला समोर कोणी नव्हतं.

नागपुरी_संत्रं
शेवटच्या दिवशी सगळेच आकडे बघतात, म्हणून तर गर्दी होते आणि लागत नाही. मला पटलं नाही.

अनघा_डोंबिवली
माझ्या यूपीआयवर मॅंडेट आलंच नाही दुपारपर्यंत, अर्ज बाद झाला असेल का? बॅंकेत विचारलं तर ब्रोकरला विचारा म्हणाले.

सातारचा_सीए
ताई, शेवटच्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत मॅंडेट मान्य करावं लागतं, नाहीतर अर्ज धरत नाहीत. म्हणून शेवटच्या दिवशी अर्ज करा म्हणतो तो दुपारी आकडे दिसले की लगेच, चारला नाही.

कोल्हापुरी_चप्पल
माझा किस्सा. एका छोट्या कंपनीचा आयपीओ लिस्ट झाला त्या सकाळी घेतला, दुपारी विकू म्हटलं. ब्रोकरने ऑर्डरच नाकारली. शेअर ट्रेड-टू-ट्रेडमध्ये होता, घेतलेला त्याच दिवशी विकता येत नाही म्हणे. दुसऱ्या दिवशी पाच टक्क्यांचं खालचं सर्किट, तिसऱ्या दिवशीही तेच. रोज सकाळी ऑर्डर टाकायची आणि बघत बसायचं.

सातारचा_सीए
इश्यू २५० कोटींपर्यंतचा असेल तर पहिले दहा दिवस असंच असतं. हिंजवडीकर, तुमची सगळी पद्धत इथे बंद. अर्जाने शेअर मिळालेला माणूस मात्र पहिल्या दिवशीही विकू शकतो, त्याच्या डिमॅटमध्ये शेअर आधीच आलेले असतात. मोठ्या इश्यूत घेऊन लगेच विकलं तरी तो नफा सट्ट्याचा धंदा म्हणून विवरणात जातो आणि तुमच्या स्लॅबने कर लागतो. अर्जातून लागलेला विकला तर अल्पकालीन भांडवली नफा, जुलै २०२४ पासून वीस टक्के.

तुळशीबाग_ट्रेडर
एवढा कर-बिर कोण बघतो राव. सेबीनेच सांगितलंय ना, वैयक्तिक गुंतवणूकदार आठवड्यात निम्मे शेअर विकून मोकळे होतात. म्हणजे सगळे ट्रेडरच.

नागपुरी_संत्रं
अहो, तो अभ्यास लागलेले शेअर विकणाऱ्यांचा आहे, लिस्टिंगला घेणाऱ्यांचा नाही. ते विकतात म्हणून तर हिंजवडीकरांना मिळतो. आयपीओतून सुटणारा माणूस ज्याच्या गळ्यात माल घालतो तो म्हणजे दहाला खरेदी करणारा.

हिंजवडीकर
बरं, नऊच्या सत्रातली लिमिट ही माझ्यासाठी नवी गोष्ट आहे. पण अर्जाचं मत बदललेलं नाही, दर वेळी घरातल्या सगळ्यांची मॅंडेटं मान्य करत बसायची मला हौस नाही. पुढच्या मोठ्या लिस्टिंगला लिमिट किती ठेवायची, त्या दिवशीच्या जीएमपीवरून?

सातारचा_सीए
जीएमपीवर अजिबात नको. तो अनधिकृत बाजारातला भाव आहे, कोणी किती खरेदी केली याचा कुठे मागमूस नाही. कंपनीचा आकडा स्वतः काढा, त्याच्यावर गेला तर त्या दिवशी बघायचंच नाही.