रशियन क्रियापदं: एकदाच घडून संपलेल्या गोष्टीला इम्परफेक्टिव्ह का? मदत हवी आहे

करडई
रशियन शिकतोय, तिसरं वर्ष चालू आहे, वरोनेझला होस्टेलमध्ये राहतो. क्रियापदांच्या जोड्या पाठ आहेत. तेव्हा 'पूर्ण झालं की परफेक्टिव्ह, चालू असेल किंवा रोजचं असेल तर इम्परफेक्टिव्ह' हे कृपया पुन्हा सांगू नका, ते पहिल्या वर्षी झालं. माझा घोळ भूतकाळातला आहे. काल 'घेणे' चुकलं आणि दारावरच्या बाई चिडल्या. क्रिया एकदाच झाली, तिथल्या तिथे संपली, तरी इम्परफेक्टिव्ह कसं येतं? सोमवारी तोंडी परीक्षा आहे, जरा लवकर सांगा.

सुतारपक्षी
सोपं आहे. मराठीत 'टाकणे' किंवा 'देणे' जोडून बघायचं. 'वाचून टाकलं' म्हणता आलं तर परफेक्टिव्ह प्रचिताल, 'वाचत होतो' म्हणता आलं तर इम्परफेक्टिव्ह चिताल. मी असाच शिकलो, कधी अडलं नाही.

करडई
हेच तर चालत नाहीये. बाई 'घेत होता' असं विचारत नव्हत्या. एकदा घेतली, विषय संपला.

निळीशाई
काय घेतलं? बाईंचं वाक्य काय होतं आणि तुम्ही काय उत्तर दिलंत, दोन्ही जसंच्या तसं लिहा. त्याशिवाय काहीही सांगणं म्हणजे अंदाज.

करडई
धुलाईखोलीची चावी. बाई म्हणाल्या, "क्तो ब्राल क्ल्यूच?" म्हणजे चावी कोणी घेतली, इम्परफेक्टिव्हमध्ये. मी परफेक्टिव्हमध्ये म्हणालो, "या न्ये व्झ्याल क्ल्यूच", मी घेतली नाही. त्या म्हणाल्या, "नु ताक वज़्मीत्ये!" म्हणजे 'मग घ्या की!' मी तीनदा तेच वाक्य म्हटलं, त्यांनी तीनदा चावी पुढे केली आणि शेवटी हात झटकून निघून गेल्या. मी चावीला हातही लावला नव्हता, हेच सांगत होतो.

मोगरा२२
माझंही असंच झालेलं! कामाच्या मुलाखतीत मी म्हटलं, "या स्दवाला एक्झामेन." मला म्हणायचं होतं की परीक्षा पास झाले. समोरच्यांनी विचारलं, "ई काक? स्दालि?" मला वाटलं त्यांना ऐकू आलं नाही, म्हणून मी पुन्हा तेच म्हटलं. खूप नंतर कळलं की स्दवाला म्हणजे नुसती परीक्षा दिली, आणि स्दाला म्हणजे पास झाले. बी-वनचं प्रमाणपत्र माझ्या पिशवीत होतं आणि मी ते दाखवलं नाही. तुम्ही कुठली परीक्षा देताय? तिथली फी किती आहे?

ओझरकर
मी ओझरला मिगच्या कारखान्यात बरीच वर्षं तांत्रिक भाषांतर केलं. झडपेवरच्या पट्टीवर 'न्ये अत्क्रिवात्' असं असायचं, म्हणजे उघडू नये. मनाईला नेहमी इम्परफेक्टिव्ह. तिथे कोणी चुकून 'न्ये अत्क्रीत्' लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटेल की झडप अडकली आहे, उघडणारच नाही. एका क्रियापदापायी माणूस पाना घेऊन जोर लावत बसेल. हा भाग पक्का करून ठेवा, अनेकजण इथे चुकतात.

करडई
काका, हे नवीन कळलं, लिहून ठेवतो. पण माझा प्रश्न मनाईचा नाही, भूतकाळाचा आहे.

निळीशाई
करडई, एकच सांगा. बाईंनी विचारलं त्या वेळी चावी कुठे होती?

करडई
त्यांच्या मागे खिळ्यावर. तिचा काय संबंध?

निळीशाई
सगळा संबंध तिचाच आहे, आणि तुम्ही नेमकं तेच लिहिलं नव्हतं.

चावी खिळ्यावर नसती तर बाईंनी विचारलं असतं, "क्तो व्झ्याल क्ल्यूच?" म्हणजे चावी कोणाकडे आहे, आणून द्या. परफेक्टिव्ह भूतकाळ बोलला की ऐकणाऱ्याचं लक्ष आत्ताच्या स्थितीवर जातं: घेतली, आणि अजून त्याच्याकडेच आहे. चावी परत आलेली असेल तर ती स्थिती उरलेली नसते. घेण्याचं काम एकदाच झालं, पूर्णही झालं, पण त्याचा परिणाम पुसला गेला. अशा वेळी रशियन माणूस ब्राल म्हणतो. त्यांना चावी नको होती. मधल्या वेळात ती कोणी नेली होती, हे हवं होतं. बहुतेक धुलाईखोलीत काहीतरी झालेलं असणार.

आता हेच मराठीत म्हणून बघा. खिळा रिकामा असेल तर आपण विचारतो, "चावी कोणी नेली?" चावी जागेवर असेल आणि खोलीत पाणी सांडलेलं असेल तर विचारतो, "चावी कोणी नेली होती?" तो 'होती' आपल्या तोंडात आपोआप येतो. 'भाऊ आलाय' म्हणजे प्रिशोल, तो आत बसलाय, चहा टाका. 'भाऊ आला होता' म्हणजे प्रिखदील, येऊन गेला. 'खिडकी कोणी उघडली?' अत्क्रील, वारा अजून येतोय. 'खिडकी कोणी उघडली होती?' अत्क्रिवाल, आता बंद आहे पण खोली गार पडलीय. येणे-जाणे, घेणे-देणे, उघडणे-मिटणे, चालू-बंद करणे, म्हणजे जे उलटं फिरवता येतं, तिथे ही मराठी कसोटी फार कामाला येते.

करडई
धुलाईखोलीत खरंच पाणी होतं, मशीनचा पाइप निसटला होता! मग माझ्या उत्तरात काय चुकलं? 'नाही'च तर म्हणालो.

निळीशाई
नकारात दोन्ही रूपं फार लांब जातात. "न्ये व्झ्याल" म्हणजे घ्यायची होती, घेतली नाही. छत्री घरी राहिली की म्हणतात, ज़ोन्तिक न्ये व्झ्याल. म्हणून बाईंना ऐकू आलं की या मुलाला चावी हवी होती आणि ती न्यायची राहिली. त्यांनी चावी पुढे केली यात त्यांची काही चूक नाही. आरोप नाकारायचा असेल, असं काही घडलंच नाही म्हणायचं असेल, तर "या न्ये ब्राल". मराठीत आपण 'मी नेलीच नव्हती' म्हणतो तेव्हा त्यातल्या 'च'वर जो जोर असतो, तो इथे इम्परफेक्टिव्ह उचलतो. 'मी चावी नेली नाही' हे मराठी वाक्य दोन्हीकडे चालतं, आणि तुम्ही तेच मनात धरून भाषांतर केलंत.

सुतारपक्षी
म्हणजे नियम झाला की! 'आहे' आलं की परफेक्टिव्ह, 'होता-होती' आलं की इम्परफेक्टिव्ह. माझं 'टाकणे' मागे घेतो, हे जास्त सोपं आहे.

ओझरकर
थांबा. 'मी स्टेशनवर पोचलो तेव्हा गाडी निघून गेली होती.' तुमच्या नियमाने इम्परफेक्टिव्ह येईल. रशियनमध्ये मात्र "पोयेज़्द उझे उशोल". परफेक्टिव्हच, दुसरं काही चालणार नाही. गोष्ट सांगताना एका घटनेच्या आधीची घटना म्हणून आपण 'होती' लावतो, तो निराळा 'होती'.

निळीशाई
काका बरोबर आहेत. तिथे गाडी गेल्याचा परिणाम त्या क्षणी पुरा उभा आहे, फलाट रिकामा आहे. म्हणून 'होती' ऐकल्यावर लगेच उडी मारू नका. आधी विचारा, बोलतोय त्या क्षणी तो परिणाम शिल्लक आहे की पुसला गेलाय?

'आहे'ची बाजूही पूर्ण जुळत नाही. 'तू हे पुस्तक वाचलं आहेस का?' इथे मराठीत 'आहे', पण रशियनमध्ये चिताल. वाचलेलं काही परत जात नाही, पुसला जाण्याचा प्रश्नच नाही. तिथे फक्त असं कधी घडलंय का, एवढंच विचारायचं असतं. "वी उझे अबेदालि?" जेवण झालं का, हेही तसंच.

सुतारपक्षी
मग 'वाचलं आहेस का'ला प्रचिताल कधी? दोन्ही ऐकलंय मी.

निळीशाई
पुस्तक वाचायचं आधी ठरलेलं असेल तेव्हा. मी तुम्हाला पुस्तक दिलं आणि आठवड्याने विचारलं, "प्रचितालि?" म्हणजे झालं का वाचून, परत द्या. करडई, सोमवारसाठी हे लक्षात ठेवा. नेमून दिलेला धडा वाचलात का असं परीक्षकांनी विचारलं आणि तुम्ही "चिताल" म्हणालात, तर त्यांना ऐकू येईल की डोळ्याखालून घातलाय, पुरा केल्याचं सांगता येत नाही. वाचला असेल तर "प्रचिताल" म्हणा. मोगरा, तुमच्या मुलाखतीत हेच झालं. स्दवालाने त्यांना प्रयत्न कळला, निकाल कळला नाही, म्हणून ते पुन्हा विचारत राहिले.

मोगरा२२
आता डोक्यात बसलं. फीचं कोणी सांगितलं नाही अजून.

पायवाट
येणे-जाणे निघालंच आहे तर मी सांगतो, सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे इद्ती आणि खदीत्. पायी आणि वाहनाने यांचा तक्ता भिंतीवर लावा. त्याशिवाय रशियन येत नाही.

ओझरकर
पायवाट, तो तक्ता वेगळा, त्यात दोन्ही क्रियापदं इम्परफेक्टिव्हच आहेत. इथे भर घालून करडईंना आणखी गोंधळात टाकू नका.

पायवाट
पण 'या खदील व मगज़ीन' म्हणजे दुकानात जाऊन आलो, तेच नाही का हे? जाऊन परत आलो, परिणाम पुसला गेला.

निळीशाई
हो, हे तुमचं बरोबर आहे, परत आल्यावर खदील म्हणायचं कारण तेच. तक्त्याची गरज नाही, वाक्य चांगलं आहे.

करडई
एक अडकलंय. 'मला सांगितलं होतं' याला म्न्ये गवरीलि की म्न्ये स्कज़ालि? सांगितलेलं पुसलं जात नाही ना.

निळीशाई
'दहाला यायला सांगितलंय', सूचना अजून लागू आहे, तर स्कज़ालि. 'असं कानावर आलंय, कोणी कोणी म्हणालं' तर गवरीलि.

ओझरकर
मला हे पटत नाही. आमचे रशियन साहेब एकदाच दिलेली सूचना मोडली की म्हणायचे, "वाम झे गवरीलि!" 'तुम्हाला सांगितलं होतं ना!' सूचना लागूच होती, एकदाच दिली होती, तरी गवरीलि.

निळीशाई
ते वाक्य मीही ऐकलंय, काका. रागावताना 'सांगण्याचं काम झालं होतं' एवढाच मुद्दा असतो, म्हणून असेल. पण माझ्या मांडणीत ते नीट बसत नाही, हे कबूल. कोणाकडे आणखी उदाहरणं असतील तर द्या.

करडई
आत्ता खाली जाऊन बाईंना सांगून आलो, "या न्ये ब्राल क्ल्यूच." त्यांनी चष्मा वर केला, वही उघडली आणि विचारलं, "अ क्तो झे ब्राल?" मग कोणी नेली होती? चावी खिळ्यावरच होती. गवरीलिचंही विचारणार होतो, पण त्या वहीतली नावं बोटाने एकेक करून बघायला लागल्या. उद्या विचारतो.