मदत हवी आहे: आगळाची बाटली पारदर्शक ठेवू की झाकू?

फोंड्यात आम्ही घरगुती कोकम आगळ विकायला काढलंय. लालभडक रंग दिसावा म्हणून २०० मिलीची गोल, पारदर्शक काचेची बाटली घेतली. पण दुकानातल्या ट्यूबलाइटखाली दीड महिन्यात आगळ तपकिरी पडलं. फळीवर जुनाट दिसतं, गिऱ्हाईक हातही लावत नाही. कपाटातल्या बाटल्या मात्र अजून लाल आहेत, म्हणजे दोष उजेडाचाच. शिवाय लेबल गोलाईवर वळतं आणि समोरून नुसतं ‘कम आग’ वाचता येतं.

आता चपटी, चौकोनी बाटली घेऊन पुढे पांढरं लेबल आणि त्यावर जांभळी, ठसठशीत अक्षरं असा विचार आहे. मागची बाजूही झाकून फक्त बोटभर खिडकी ठेवली तर रंग टिकेल का? की सरळ गडद काच घेऊन लेबलावर सोलकढीच्या वाटीचा फोटो द्यावा? कोणी करून पाहिलंय का?