मदत हवी आहे: पेपर चालू असताना लाईन गेली की टायमर परत ९० मिनिटांवर

आर्वीचा_क्लास
आमचा पोलीस भरतीचा क्लास आहे, तालुक्याच्या गावाला. दर रविवारी आमच्या साइटवर १०० प्रश्नांचा पेपर असतो, वेळ ९० मिनिटं. मागच्या रविवारी मधात लाईन गेली, वायफाय बंद पडलं. पोरांनी पेज परत उघडलं तर टायमर पुन्हा ९० वर. काही जणांना अर्धा पेपर सोडवूनही शून्य मार्क आले. एक पोरगी रडत घरी गेली, आता तिचे बाबा विचारून राहिले. येत्या रविवारी परत पेपर आहे. टायमर कसा दुरुस्त करायचा ते लवकर सांगा.

सर्व्हरवाला
साइट कशात बनवली आहे? पोरं मोबाईलवर देतात की संगणकावर? ज्यांना शून्य आलं त्यांच्या इतिहासात त्या पेपरची एक नोंद दिसते की दोन? यातलं काहीच माहीत नसताना कोणी उत्तर दिलं तर तो अंदाजच असेल.

पाटी_पेन्सिल
भाऊ, साइटच्या नादी कायले लागता? गूगल फॉर्म करा. आम्ही स्कॉलरशिपचे सराव पेपर त्यावरच घेतो. मार्क आपोआप येतात, फुकटात काम होते.

कोड_आणि_कापूस
गूगल फॉर्मला स्वतःचा टायमर नाही. ॲड-ऑन लावावं लागतं. पोराने मागचे सगळे पेपर एका जागी पाहायचे म्हटलं तर शीट जुळवत बसावं लागतं. त्यांचा प्रश्न वेळेचा आहे.

पाटी_पेन्सिल
आमचं त्याच्यावर चालते न. पेपर किती वाजता बंद करायचा ते मीच पाहतो.

आर्वीचा_क्लास
सगळे मोबाईलवर देतात. साठेक पोरं आहेत. अर्धे क्लासच्या वायफायवर, बाकीचे घरून. साइट पीएचपीत आहे, साधं शेअर्ड होस्टिंग. ज्या पोराने बनवून दिली तो आता नोकरीला लागला, फोन उचलत नाही. phpMyAdmin मला उघडता येतं, फाईलमध्ये बदलही करता येतो. ज्यांना शून्य आलं त्यांच्या दोन-दोन नोंदी आहेत. टायमरच्या फाईलमध्ये हे आहे:

```js
let left = 90 * 60;
setInterval(() => {
  left--; show(left);
  if (left <= 0) submitPaper();
}, 1000);
```

सर्व्हरवाला
आता कळलं. तुमचं घड्याळ पोराच्या फोनमध्ये आहे. पेज उघडलं की left परत ५४०० सेकंदांपासून सुरू होतो, कारण पेपर कधी सुरू झाला हे त्या कोडला कोणी विचारतच नाही. त्यातच आणखी एक गोष्ट होत असणार, फक्त तुमच्या लक्षात आली नसेल. पोराने स्क्रीन बंद केली किंवा दुसऱ्या ॲपमध्ये गेला, की मोबाईलचा ब्राउझर setInterval मंद करतो, कधी थांबवतोच. म्हणजे लाईन न जाताही काही जणांना ९० पेक्षा जास्त मिनिटं मिळत असतील. तपासायचं असेल तर नोंदीतली सुरू झाल्याची आणि सबमिटची वेळ यांची वजाबाकी करून पाहा.

शून्याचं कारण वेगळं आहे. तुमची उत्तरं बहुतेक शेवटी submitPaper मध्येच एकदम जातात. पेज बंद झालं की फोनमधली उत्तरं गेली. पहिली नोंद रिकामी राहिली आणि परत उघडल्यावर दुसरी तयार झाली. निकालाने कोणती उचलली ते पाहा.

विदर्भी_डेव
एवढं काही नको. वेळ आणि उत्तरं दोन्ही localStorage मध्ये ठेवा. रिफ्रेश झालं तरी राहतात, सर्व्हरला हातच लावायचा नाही. मी एका कॉलेजच्या क्विझला असंच केलं आहे, पाच ओळींचं काम.

सर्व्हरवाला
उत्तरांपुरतं तुमचं बरोबर आहे. नेट नसताना क्लिक केलेलं उत्तर localStorage मध्ये ठेवून नेट आल्यावर पाठवलं तर फार उपयोग होतो, ते जरूर करा. वेळ मात्र तिथे ठेवू नका. पोराने फोनचं घड्याळ अर्धा तास मागे घेतलं की तुमच्या हिशोबाला अर्धा तास मिळाला. इन्कॉग्निटोत उघडलं की कोरी पाटी. आणि बॅटरी संपली म्हणून मित्राच्या फोनवरून लॉगिन केलं, तर तिथे ना वेळ ना उत्तरं.

जुना_मास्तर
ओएमआर शीटवर पेपर घ्या. भरतीचा खरा पेपर पोरांना ओएमआरवरच द्यावा लागतो, गोळे भरायची सवय नको का?

आर्वीचा_क्लास
सर, ओएमआर महिन्यातून एकदा घेतोच. पण खेड्यावरची पोरं दर रविवारी येऊ शकत नाहीत, एसटीच्या वेळा जमत नाहीत. म्हणून ऑनलाइन. @सर्व्हरवाला नेमकं काय बदलू?

सर्व्हरवाला
पेपर सुरू करताना सर्व्हरने आधी पाहायचं की या पोराचा हा पेपर अर्धवट आहे का. असेल तर तोच परत द्यायचा. नसेल तरच नवी नोंद, आणि संपायची वेळ तेव्हाच कायमची लिहून ठेवायची.

```php
$a = find_open_attempt($student, $test);
if (!$a) {
  $a = create_attempt($student, $test, time() + 90 * 60);
}
$left = $a['ends_at'] - time();
```

हा $left पेजला द्या. फोनने फक्त आकडा उलटा मोजून दाखवायचा. प्रत्येक उत्तर क्लिक होताच सर्व्हरला पाठवा, आणि त्याच्या जबाबात उरलेले सेकंद परत घ्या, म्हणजे मंद पडलेला टायमर आपोआप जुळून येतो. वेळ संपल्यावर आलेलं उत्तर सर्व्हरने नाकारायचं. खेड्यातलं नेट हळू असतं, म्हणून मी ३० सेकंदांची ढील देतो.

विदर्भी_डेव
प्रत्येक क्लिकला सर्व्हर? शेअर्ड होस्टिंग झोपेल बाप्पा.

सर्व्हरवाला
हिशोब करा. ६० पोरं, १०० प्रश्न, म्हणजे ६००० उत्तरं, तीही ५४०० सेकंदांत. सेकंदाला एकापेक्षा थोडं जास्त. उत्तरं बदलली तरी दुप्पट धरा. साध्या होस्टिंगला एवढं जड नाही. जड तेव्हा होतं, जेव्हा लोक टायमर जुळवायला दर सेकंदाला सर्व्हरला विचारतात. तेच टाळलं आहे.

उत्तरांच्या टेबलवर नोंद आणि प्रश्न क्रमांक मिळून UNIQUE लावा, म्हणजे उत्तर बदललं तर जुन्याच्या जागी नवं बसेल:

```sql
INSERT INTO answers (attempt_id, question_id, choice)
VALUES (?, ?, ?)
ON DUPLICATE KEY UPDATE choice = VALUES(choice);
```

चिमूरची_ताई
माझा पण असाच प्रॉब्लेम आहे, प्रश्न टाकले की अक्षरं भलतीच येतात. जुने सगळे पेपर कृतिदेवमध्ये टाइप केलेले आहेत. हे टायमरमुळे होतं का?

कोड_आणि_कापूस
नाही ताई, टायमरचा संबंध नाही. कृतिदेव हा इंग्रजी अक्षरांवर मराठी आकार चढवणारा फॉन्ट आहे. साइटवर तो फॉन्ट नसला की मूळ इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये करा आणि जोडाक्षरं, रफार डोळ्यांनी तपासा, तिथेच चुका राहतात. नवा धागा काढा, तिथे बोलू.

आर्वीचा_क्लास
केलं. टेबलमध्ये start_time होताच, NOW() ने भरलेला, म्हणून ends_at न टाकता `strtotime($a['start_time']) + 5400 - time()` असं लिहिलं. रिफ्रेश केल्यावर आता तोच पेपर येतो, उत्तरं पण राहतात. पण टायमर ४२० मिनिटं दाखवून राहिला! सात तास! काहून?

सर्व्हरवाला
४२० मधून ९० गेले, राहिले ३३०. म्हणजे साडेपाच तास. भारतीय वेळ आणि यूटीसी यांच्यातलं अंतर. तुमचा डेटाबेस NOW() मध्ये आपली वेळ लिहितो, पीएचपी तीच वेळ यूटीसी समजून वाचतं. सकाळचे १० त्याला आपले दुपारचे साडेतीन वाटतात. उलटं असतं तर पेपर उघडताच वेळ संपली असती. वेळ अशी शब्दांत लिहून परत वाचायचीच नाही. ends_at हा BIGINT कॉलम करा आणि त्यात पीएचपीचा time() + 5400 थेट ठेवा. तो नुसता सेकंदांचा आकडा आहे, त्याला टाइमझोन लागत नाही. लिहिणारं आणि वाचणारं घड्याळ एकच राहतं.

आर्वीचा_क्लास
झालं! ९० आले. फोन बंद करून दुसऱ्या फोनवर उघडलं तरी उरलेलीच वेळ दाखवतो. पण आता एक सांगा, लाईन गेली आणि पोराचा फोन शेवटपर्यंत बंदच राहिला तर?

सर्व्हरवाला
मग सबमिट करायला कोणी येणार नाही आणि नोंद उघडीच राहील. म्हणून निकालाचं पान उघडताना आधी ends_at उलटून गेलेल्या सगळ्या उघड्या नोंदी बंद करा आणि साठवलेल्या उत्तरांवर मार्क द्या. ५५ प्रश्न सोडवले असतील तर ५५ तपासले जातील, शून्य येणार नाही.

कोड_आणि_कापूस
हे सगळं मूडलमध्ये तयार मिळतं. वेळ संपली की आपोआप सबमिट, एखाद्याच मुलाला जास्त वेळ द्यायची सोय, जुने प्रयत्न. फक्त क्रॉन चालू ठेवावा लागतो, नाहीतर आपोआप सबमिट होत नाही.

विदर्भी_डेव
साठ पोरांसाठी मूडल म्हणजे फार होते.

चिमूरची_ताई
मला एक पटलं नाही. लाईन वीस मिनिटं गेली तरी घड्याळ चालूच? यात पोरीचा काय दोष? नेट गेलं की टायमर थांबायला पाहिजे.

सर्व्हरवाला
ताई, थांबवता येतो. पण सर्व्हरला लाईन गेली आणि पोराने डेटा बंद करून गाईड उघडलं यातला फरक कळत नाही. दोन्हीत तिकडून फक्त शांतता असते. म्हणून मी आपोआप थांबवत नाही. सरांनी स्वतः त्या पोरीच्या ends_at मध्ये १२०० वाढवायचे. क्लासच्या वायफायवरच्या सगळ्यांची लाईन गेली हे सरांना डोळ्यांनी दिसतंच.

जुना_मास्तर
आणि घरून देणाऱ्याचं कसं ठरवणार? ज्याच्या गावात लाईन जाते त्याने रोजच मागं राहायचं का?

आर्वीचा_क्लास
तेच तर. क्लासमधल्यांना वाढवून देतो. घरच्यांसाठी मी विचार करून राहिलो की गावातल्या दुसऱ्या पोराला विचारून खात्री करू, पण काही गावांतून एकच पोरगा आहे. कोणी हे कसं करते ते सांगा. आणि मागच्या रविवारच्या दोन-दोन नोंदींचं काय करू? पहिलीत उत्तरंच नाहीत.

सर्व्हरवाला
पहिलीतली उत्तरं फोनमधून बाहेर पडलीच नव्हती, ती परत येणार नाहीत. नोंदी पुसू नका, पालकांना दाखवायला लागतील. स्थितीचा एक कॉलम वाढवून रिकाम्या नोंदींना 'रद्द' लिहा आणि निकाल, सरासरी दोन्हींमधून वगळा. ज्यांनी दुसऱ्या वेळेस पूर्ण ९० मिनिटं घेतली त्यांना त्या पेपरच्या क्रमवारीत धरू नका. त्या पोरीला तोच पेपर परत देऊ नका, अर्धे प्रश्न तिने पाहिले आहेत. दुसरा संच असेल तर तो द्या.

आर्वीचा_क्लास
दुसरा संच आहे. शनिवारी तिला क्लासवर बोलावतो, त्यातच नवीन टायमर पण तपासून होईल. मधात मुद्दाम वायफाय बंद करून पाहतो. घरून देणाऱ्यांचं कोणी सांगा.

पाटी_पेन्सिल
गूगल फॉर्मवर हा वादच येत नाही भाऊ. सगळ्यांचा एकाच वेळी बंद.