मदत हवी आहे: वॉर्मअप काढला की ट्रान्सफॉर्मर शिकतच नाही

नमस्कार मंडळी. मराठी-इंग्रजी भाषांतरासाठी 6 लेयरचा छोटा ट्रान्सफॉर्मर ट्रेन करतोय. पोस्ट-नॉर्म रचना, Adam, लर्निंग रेट 5e-4, बीटा-2 0.999, नंतर कोसाइन डिके.

पहिल्या 4000 स्टेप्समध्ये रेट शून्यापासून सरळ रेषेत चढवला, तर लॉस छान उतरतो. वॉर्मअप काढला, की लॉस 7 च्या आसपास येऊन तिथेच अडकतो. आउटपुट पाहिलं तर इनपुट काहीही द्या, "the", "of", स्वल्पविराम, एवढंच. म्हणजे कुठला शब्द किती वेळा येतो इतकंच मॉडेल शिकलंय, मूळ वाक्याकडे बघतच नाही.

माझी समजूत अशी: पहिल्याच स्टेपला Adam मध्ये ग्रेडियंटला त्याच्याच आकाराने भागलं जातं, त्यामुळे ग्रेडियंट लहान असो वा मोठा, जवळजवळ प्रत्येक वेट पूर्ण 5e-4 ने हलतं. 0.999 मुळे ग्रेडियंटच्या वर्गांची सरासरी भरवशाची व्हायला हजारेक स्टेप्स लागतात. त्यात पोस्ट-नॉर्ममध्ये सुरुवातीला वरच्या लेयर्सचे ग्रेडियंट मोठे असतात. कोसाइन तर सुरुवातीला जवळपास सपाटच असतो, तो इथे वाचवणार नाही.

आता अडलंय ते इथे: खरा दोषी Adam की नॉर्मची जागा? प्री-नॉर्म केलं तर वॉर्मअप पूर्ण काढता येईल, की थोडा ठेवावाच लागेल? आणि हे दोन परिणाम वेगळे करून बघायचे तर नेमकं काय लॉग करू: लेयरनिहाय ग्रेडियंट नॉर्म, की अपडेट आणि वेट यांचं गुणोत्तर? कुणी स्वतः करून पाहिलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.