शब्दचर्चा: ‘इंटरकॅलेटेड’ पेशींना मराठीत काय म्हणायचं?

रामबाग: इंदूरच्या आमच्या मंडळाच्या अंकासाठी मूत्रपिंडावर लेख लिहिते आहे. शेवटच्या नळीपाशी, म्हणजे संग्राहक नलिकेपाशी, अडले. तिच्या अस्तरात दोन जातींच्या पेशी असतात. प्रिन्सिपलना ‘प्रधान’ म्हटलं. इंटरकॅलेटेडना ‘अंतर्वेशित’ लिहिलं, तर सासूबाई वाचता वाचता तिथेच थांबल्या. आणि ‘फाइन ट्यूनिंग’ला ‘सूक्ष्म नियमन’ सोडून काही सुचतं का?

स्नेहलतागंज: हृदयाच्या स्नायूतही इंटरकॅलेटेड डिस्क असतात, त्या पेशींना एकमेकींशी जोडतात. मग ‘जोडपेशी’ म्हणा ना ताई.

तुकोगंज: दादा, शब्द तोच असला तरी वस्तू वेगळी आहे. हृदयात ती चकती म्हणजे दोन पेशींमधला सांधा. इथे ती अख्खी पेशी आहे, ती कुणाला जोडत नाही. मूळ लॅटिन शब्द पंचांगातला आहे: वर्षात मध्येच दिवस किंवा महिना घालणं, म्हणजे आपला अधिक मास. पण ‘अधिक पेशी’ म्हटलं तर त्या जादा, बिनकामाच्या वाटतील. नळीच्या वरच्या भागात तीनांतली साधारण एक पेशी ही असते. आपल्या माळव्यात सोयाबीनमध्ये तूर घेतात, तशा या प्रधान पेशींच्या मधून मधून बसलेल्या असतात. मी वर्गात ‘मधल्या पेशी’ म्हणत असे, मुलांना लगेच कळायचं.

रामबाग: ‘आंतरपीक’वरून ‘आंतरपेशी’ चालेल का काका?

तुकोगंज: ‘दोन पेशींमधली जागा’ असा गैरसमज होईल, म्हणून मला तो पटत नाही.

परदेशीपुरा: शब्दांचं मला फारसं कळत नाही, आईचं विचारतो. तिला हृदयासाठी स्पायरोनोलॅक्टोन चालू होतं. तीन आठवड्यांनी पोटॅशियम वाढून ५.९ आणि बायकार्बोनेट घटून १७ आलं, म्हणजे रक्तात आम्ल साचलंय. गोळी सोडियमच्या, म्हणजे तुमच्या प्रधान पेशीवर काम करते असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मग आम्ल का साचलं? आम्ल तर त्या दुसऱ्या, मधल्या पेशी बघतात ना?

स्नेहलतागंज: पाणी कमी प्यायल्या असतील. तो आकडा पाण्याने खाली येतो.

तुकोगंज: पाण्याचा यात फार वाटा नाही. अंगातलं पाणी खूप कमी झालं असेल, तर पोटॅशियम आणखी चढू शकतं, एवढं खरं. दादा, तुमचा प्रश्न नेमका आहे, म्हणून सविस्तर सांगतो. प्रधान पेशीच्या नळीकडच्या बाजूला सोडियमची दारं असतात. अल्डोस्टेरॉन नावाचं संप्रेरक ती वाढवतं. सोडियमचा धनभार आत शिरला की नळीतला द्रव ऋण होतो. ते ऋणपण दोन गोष्टींना बाहेर ओढतं: प्रधान पेशीतलं पोटॅशियम, आणि शेजारच्या मधल्या पेशीतला, पंपाने बाहेर टाकलेला हायड्रोजन. म्हणजे मधल्या पेशीचा पंप शेजारणीच्या सोडियमवरही अवलंबून असतो. गोळीने अल्डोस्टेरॉनला अडवलं, दारं कमी झाली, ओढ मंदावली आणि पोटॅशियम व आम्ल दोन्ही आत राहिले. अल्डोस्टेरॉन तो पंपही थेट चालवतं, तेही मंदावलं. त्यात भर म्हणजे पोटॅशियम वाढलं की मूत्रपिंड अमोनिया कमी बनवतं, आणि आम्ल वाहून न्यायला तोच मुख्य गाडा. पण हे वाचून गोळी स्वतः बंद करू नका. ५.९ हा आकडा आजच डॉक्टरांना सांगायचा आहे, ईसीजीही काढावा लागेल.

परदेशीपुरा: धन्यवाद काका. आता त्यांनाच फोन लावतो. लघवीचा पीएच करायला सांगू का?

तुकोगंज: ते तेच ठरवतील. पण तपासणी बोलकी आहे. अशा आजारात लघवी बहुधा आम्लच असते, ५.५ च्या खाली, कारण पंप पुरता बंद नसतो. मधल्या पेशींचाच पंप बिघडला असेल, तर रक्तात आम्ल साचूनही लघवी ५.५ च्या खाली जात नाही, आणि पोटॅशियम बहुधा उलट कमी होतं. मुतखडेही होतात.

रामबाग: म्हणजे ‘प्रधान’ हे नावच थोडं फसवं आहे. आणि ट्यूनिंगचं काय?

तुकोगंज: तंबोरा आठवा. खुंटी पिळून तार जवळपास स्वरावर आणतात, मग मणी सरकवून ती नेमकी लावतात. रोज सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो, त्यात मिठाच्या हिशोबाने जवळजवळ दीड किलो सोडियम. बहुतेक सगळं आधीच्या नळ्या परत घेतात. या शेवटच्या नळीच्या वाट्याला दोन-तीन टक्के उरतं. कमी वाटतं, पण ते तीस-चाळीस ग्रॅम मीठ झालं, आपण दिवसभरात खातो त्याच्या कितीतरी पट. मणी इथेच सरकतो. पाण्याचंही तसंच: एडीएच हे पाणी राखणारं संप्रेरक आलं की प्रधान पेशी पाण्याच्या वाटा पृष्ठभागावर आणून बसवते, एडीएच गेलं की पुन्हा आत ओढून घेते.

स्नेहलतागंज: ‘मणी लावणं’ गाणाऱ्यांनाच कळेल. इंदूरमध्ये तरी चालेल, बाहेर ‘बारीक जुळवणी’ म्हणा.

रामबाग: लेखात ‘बारीक जुळवणी’ आणि पहिल्यांदा येईल तिथे तंबोऱ्याचं वाक्य, असं करते. ‘मधल्या पेशी’ही घेते. ‘प्रधान’ मात्र अजून खटकतंय. ‘मुख्य’ म्हटलं तरी तेच होतं, आणि ‘सोडियम-पाणी पेशी’ म्हटलं तर पोटॅशियम सुटतं.