बिलावरची अक्षरी रक्कम: कोऱ्या जागेत कुणी काही घालू नये म्हणून काय करता?

टेरीटॉवेल_सोलापूर
आमचा अक्कलकोट रोडला टॉवेलचा छोटा कारखाना आहे. बिल एक्सेलमध्ये करतो आणि छापील लेटरहेडवर लेझर प्रिंटरने काढतो. गेल्या महिन्यात लातूरच्या गिऱ्हाईकाचा फोन आला, "तुमचं बिल 1,36,200 चं कसं?" आम्ही 36,200 चं दिलं होतं. मधल्या माणसाने तोच कागद पुन्हा प्रिंटरमधून काढून आकड्याआधी "1," आणि अक्षरांआधी "एक लाख" घातलं असावं. लेटरहेडवर "अक्षरी रु." आधीच छापलेलं आहे आणि आमचा मजकूर ओळीच्या मधोमध येतो, त्यामुळे डावीकडे भरपूर जागा होती. हे कसं थांबवायचं? शिवाय अक्षरं हातानेच टाइप करतो. नेटवरून घेतलेला मॅक्रो लाखाच्या वर गेलं की इंग्रजीत हंड्रेड थाउजंड, मिलियन काढतो. मराठीत लाख-कोटी काढणारं काही आहे का?

कायदेपंडित_४१३
घाबरू नका. आकडा आणि अक्षर यांत फरक असेल तर कायद्याने अक्षरच धरतात. अक्षरी नीट लिहा, आकड्याचं बघू नका.

हिशेबनीस
तो नियम 1881 च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्यातला, कलम 18. चेक, हुंडी, प्रॉमिसरी नोटेसाठी आहे, बिलासाठी नाही. बिलावर काय काय हवं ते जीएसटीच्या नियम 46 मध्ये दिलंय, त्यात अक्षरी रक्कम नाहीच. आणि इथे तर दोन्ही बदललंय, मग फरक उरतोच कुठे?

टॉवेलवाले, मराठी आकड्यांचा एक फायदा बघा. 8,400 चं 18,400 करायचं तर "आठ"चं "अठरा" करावं लागतं, म्हणजे छापलेला शब्दच खोडावा लागतो. "एक लाख" मात्र अख्खं पुढे बसतं, मूळ अक्षराला हात लावावा लागत नाही. म्हणून तुमची खरी कमजोर जागा एकच आहे, पहिल्या शब्दाच्या डावीकडची. लेटरहेडवरून "अक्षरी रु." काढून टाका. ते शब्द सूत्रातूनच येऊ द्या, सेल डावीकडे जुळवा आणि शेवटी "फक्त" लिहा. आकड्याच्या सेलला हा फॉरमॅट द्या, मोकळी जागा ताऱ्यांनी भरते:

```
[>=10000000]**##\,##\,##\,##0;[>=100000]**##\,##\,##0;**##,##0
```

पेठेतली_सुनबाई
आमच्याकडे चेकवर "सात"चं "साठ" केलं होतं हो! बँकेत किती हेलपाटे घातले. मी आता मराठीत चेक लिहीतच नाही.

हिशेबनीस
ताई, चेकचा प्रश्न वेगळा. बिलावर "सात हजार"चं "साठ हजार" केलं तरी 7,000 चा आकडा 60,000 करावा लागेल, आणि वरच्या ओळींची बेरीजही जुळायला हवी. लातूरच्या बिलात बेरीज जुळत होती का?

टेरीटॉवेल_सोलापूर
नाही. माल 34,476 आणि दोन्ही कर 861.90, तसेच होते. फक्त शेवटची ओळ बदलली होती. मालकाने तिथपर्यंत पाहिलंच नाही. पकडलं त्यांच्या अकाउंटंटने, GSTR-2B मध्ये आमचं बिल 36,200 चंच दिसत होतं म्हणून.

हिशेबनीस
मग याच बिलातली दुसरी गंमत बघा. बेरीज होते 36,199.80. पैसे लपवलेल्या सेलमध्ये 36,200 दिसेल, पण सूत्रात `INT` वापरलंत तर अक्षरात "एकशे नव्याण्णव" येईल. आपलंच बिल खाडाखोड केल्यासारखं वाटेल. म्हणून एकूण रकमेच्या सेलमध्येच `ROUND(…,0)` करा आणि 20 पैशांची ओळ "राउंड ऑफ" म्हणून दाखवा.

अक्षरांसाठी मॅक्रो नको. त्या एडिटरमध्ये देवनागरी चिकटवली की प्रश्नचिन्हं होतात. `Words` नावाच्या शीटवर A रकान्यात एक ते नव्याण्णव शब्द लिहा. मराठीत एवढे शब्द पाठच असतात, नियमाने बनवायला जाऊ नका. हजाराचा तुकडा असा, रक्कम F20 मध्ये धरून:

```
=IF(MOD(INT(F20/1000),100)=0,"",INDEX(Words!$A$1:$A$99,MOD(INT(F20/1000),100))&" हजार ")
```

लाखासाठी 1000 च्या जागी 100000, कोटीसाठी 10000000, आणि "हजार" शब्दाच्या जागी "लाख", "कोटी". शेकड्याला `MOD(INT(F20/100),10)` घेऊन शब्दाला "शे" जोडा, खालचे दोन अंक `MOD(F20,100)`. सगळे तुकडे `&` ने जोडा. शून्याची अट काढू नका, 5,00,400 ला हजार नसतात.

छापखाना_नवीपेठ
लेझरची शाई कागदावर बसते, आत मुरत नाही, खरवडता येते. कार्बन कॉपीवाला डॉट मॅट्रिक्स असेल तर अक्षर कागदात दाबलं जातं आणि तुमच्याकडे तशीच प्रत राहते. पण त्याच कागदावर कुणी नवीन छापलं तर ते कुठलाच प्रिंटर अडवत नाही. बिलाची पीडीएफ त्याच दिवशी थेट मालकाला व्हॉट्सॲपवर पाठवा, मधल्या माणसाला नाही.

टेरीटॉवेल_सोलापूर
सूत्र चाललं, "अक्षरी रुपये छत्तीस हजार दोनशे फक्त" आलं. फक्त 36,100 ला "छत्तीस हजार एकशे" येतं. आम्ही "छत्तीस हजार शंभर" म्हणतो. बदलू का?

हिशेबनीस
खाली काही नसेल तर मी "शंभर"च लिहितो. त्यासाठी वेगळी अट घालावी लागेल.

कायदेपंडित_४१३
"एकशे" राहू द्या, शब्द बदलले की वाद होतात.